ऐकणारा का ऐकतो?

ऑर्गनायझेशनल बिहेविअर या विषयाच्या परीक्षेत एका ठरावीक धाटणीचा प्रश्न हमखास येतो. चार ओळींत ऑफिसातला, कारखान्यातला किंवा इस्पितळातला एखादा प्रसंग दिलेला असतो. कोणीतरी काहीतरी सांगतो आणि दुसरा ते ऐकतो. खाली पर्याय असतात: लेजिटिमेट, रिवॉर्ड, कोअर्सिव्ह, एक्सपर्ट आणि रेफरंट. प्रसंगातली सत्ता यांपैकी कोणत्या प्रकारची, ते ओळखायचे. पाचही व्याख्या पाठ असूनही विद्यार्थी इथे चुकतात. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. सांगणारा कोण आहे, हे ते पाहतात. प्रश्न मात्र ऐकणारा का ऐकतो, याबद्दल असतो.

ही पाच नावे 1959 साली जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दिली. मिशिगन विद्यापीठातून डॉर्विन कार्टराइट यांनी संपादित केलेला सामाजिक सत्तेवरचा एक ग्रंथ निघाला. त्यात या दोघांचे एक प्रकरण होते, आणि आज जगभरच्या व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत जी यादी सापडते ती तिथून आली आहे. पाठ्यपुस्तकांनी यादी उचलली, पण तिच्यामागची मांडणी बरीचशी मागेच राहिली. फ्रेंच आणि रेव्हन यांनी सत्तेचा विचार साहेबाच्या खुर्चीत बसून केला नव्हता. ज्याच्यावर प्रभाव पडतो त्याच्या जागी उभे राहून त्यांनी विचारले, की या माणसाला समोरच्याचे ऐकावेसे का वाटते? त्याला वाटते, की समोरचा आपल्याला काही देऊ शकेल. किंवा शिक्षा करू शकेल. किंवा त्याला सांगण्याचा हक्कच आहे. किंवा त्याला यातले जास्त कळते. किंवा आपल्याला त्याच्यासारखे व्हायचे आहे. या पाच वाटण्यांतून अनुक्रमे रिवॉर्ड, कोअर्सिव्ह, लेजिटिमेट, एक्सपर्ट आणि रेफरंट सत्ता निघते.

मराठी पुस्तकांतल्या प्रतिशब्दांनी यात थोडा घोळ घातला आहे. लेजिटिमेट पॉवरला ‘कायदेशीर सत्ता’ म्हटले, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोर्ट-कचेरी येते. इथे कायद्याचा संबंध फारसा नाही. ‘यांनी सांगावे आणि आपण करावे’ हे ऐकणाऱ्यालाच रास्त वाटते, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या थोरल्या भावाचा शब्दही या अर्थाने लेजिटिमेट असू शकतो. रेफरंट पॉवरला ‘संदर्भ सत्ता’ म्हणणे तर त्याहून फसवे आहे. संदर्भग्रंथाशी किंवा नोकरीच्या अर्जावर द्यायच्या ‘रेफरन्स’शी तिचे काही नाते नाही. ज्याच्याशी आपण स्वतःला जोडून घेतो, ज्याच्यासारखे वागावेसे वाटते, त्याची ही सत्ता. तेव्हा इंग्रजी नावेच चालू ठेवलेली बरी. परीक्षाही बहुतेक इंग्रजीतच असते.

हे नीट दिसावे म्हणून एक प्रसंग घेऊ. समजा, औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर 25 मिलिमीटर व्यासाच्या पिना निघत आहेत. सकाळची पाळी आहे. साडेअकराच्या सुमारास शिफ्ट इन्चार्ज मशीनपाशी येतो, ट्रेमधली एक पिन उचलून उजेडात धरतो आणि म्हणतो, “लॉट थांबव. इन्सर्ट बदल.” ऑपरेटर मशीन थांबवतो. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते: एकाने सांगितले, दुसऱ्याने केले. यावरून सत्तेचा प्रकार सांगता येत नाही. परीक्षेत एवढाच मजकूर देऊन कोणी प्रश्न विचारला, तर तो प्रश्न अपुरा आहे.

आता जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना शेजारचा त्याला विचारतो, “चांगला चालला होता की लॉट, थांबवलास कशाला?” ऑपरेटर म्हणाला, “इन्चार्ज आहे तो. थांबव म्हणाला, थांबवलं,” तर ती लेजिटिमेट सत्ता. तो म्हणाला, “अरे, त्याने नुसता पिनेचा मळका फिनिश बघितला. मी नंतर मायक्रोमीटर लावला तर साईझ तीन शतांश वर गेलेला. त्याला बघूनच कळतं,” तर ती एक्सपर्ट. “आज नाही म्हटलं असतं तर उद्या रात्रपाळी लावली असती,” हे उत्तर कोअर्सिव्ह. “महिन्याचं रिजेक्शन कमी राहिलं तर इन्सेंटिव्हसाठी नाव तोच पाठवतो,” हे रिवॉर्ड. आणि “मी याच्याच हाताखाली शिकलो. हा जसं काम करतो ना, तसं आपल्याला जमलं पाहिजे,” हे रेफरंट. माणूस एकच, हुकूम एकच, झालेली कृतीही एकच. उत्तर मात्र पाच वेळा बदलले, कारण ‘का’ पाच वेळा बदलला.

प्रश्न काढणारे हा ‘का’ वाक्याच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवतात आणि भोवती दिशाभूल करणारे तपशील पेरतात. ‘पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या वरिष्ठ व्यवस्थापकाने अहवाल शुक्रवारपर्यंत मागितला. ते विभागप्रमुख असल्याने कर्मचाऱ्याने तो वेळेत दिला.’ इथे पंधरा वर्षांचा अनुभव वाचून हात एक्सपर्टकडे वळतो. पण अहवाल अनुभवापोटी दिलेला नाही. तो विभागप्रमुख म्हणून मागितला आणि विभागप्रमुखाला म्हणून दिला. ‘असल्याने’, ‘कारण’, ‘म्हणून’, ‘या भीतीने’, ‘या आशेने’ अशा शब्दांपाशी थांबले, की प्रश्न बहुधा सुटतो. प्रसंगात असा शब्दच नसेल, तर ऐकणाऱ्याच्या वागण्यावरून कारण काढावे लागते, आणि खरी कसोटी तिथे लागते.

सर्वांत जास्त गल्लत होते ती लेजिटिमेट आणि एक्सपर्ट यांच्यात, कारण खऱ्या जगात अनुभवी माणसालाच पद मिळालेले असते. दोन्ही वेगळी करायची सोपी युक्ती म्हणजे खुर्ची काढून पाहणे. वर्कशॉपमधला तोच इन्चार्ज निवृत्त होऊन गावी गेला, आणि मशीन अडले की मुले अजूनही त्याला फोन करतात, तर उरलेली सत्ता एक्सपर्ट. उलट, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजायचा बंद झाला, तर जे होते ते पदाचे होते. दुसरी कसोटी हद्दीची. जाणकाराची सत्ता त्याच्या जाणकारीपुरती असते. इन्सर्ट कधी बदलायचा याबद्दल ज्याचा शब्द शेवटचा, त्याने पगारपत्रकातल्या कपातीबद्दल मत दिले तर कोणी मनावर घेत नाही. पदाच्या सत्तेलाही हद्द असते, पण ती वेगळ्या ठिकाणी. इन्चार्ज लॉट थांबवायला सांगू शकतो, पण घरची भाजी आणायला सांगू लागला तर कपाळाला आठी पडते. फ्रेंच आणि रेव्हन यांचे यावरचे म्हणणे असे, की हद्दीबाहेर सत्ता वापरू पाहणाऱ्याची हद्दीच्या आतली सत्ताही झिजते. भाजी आणायला लावणाऱ्याचा लॉटबद्दलचा शब्दही पूर्वीसारखा वजनदार राहत नाही.

जाणकारी पदाशिवाय किती लांब पोहोचते, याचे एक नामी उदाहरण फ्रान्समधले आहे. समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांनी तिथल्या सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास करून 1964 साली तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्या कारखान्यांत सगळे नियमांनी बांधलेले होते. कोण काय करणार, कोणाची बदली कशी होणार, सगळे आधीच ठरलेले. एकच गोष्ट नियमांत बसत नव्हती, ती म्हणजे मशीनचा बिघाड. तो दुरुस्त करणे फक्त देखभाल करणाऱ्या कामगारांना येत होते. कागदोपत्री त्यांचा उत्पादन कामगारांवर काहीच अधिकार नव्हता. तरी मशीन बंद पडले, की उत्पादन कामगारही त्यांच्या तोंडाकडे पाहत आणि सुपरवायझरही. हे स्थान टिकावे म्हणून देखभालवाले आपले ज्ञान कागदावर उतरू देत नसत आणि ऑपरेटरला मशीनला हात लावू देत नसत. परीक्षेत हा प्रसंग आला तर उत्तर एक्सपर्ट. पण ज्ञान होते एवढ्याने ही सत्ता आली नाही. ते ज्ञान दुसऱ्या कोणाकडे नव्हते आणि त्यावाचून काम अडत होते, म्हणून ती आली. घसघशीत पदवी घेतलेल्या, पण कोणाचेच काम न अडणाऱ्या तज्ज्ञाला हीच सत्ता मिळत नाही, ते याच कारणाने.

रिवॉर्ड आणि कोअर्सिव्ह यांतला फरक वरवर सरळ दिसतो: एकात मिळते, दुसऱ्यात जाते. गोंधळ होतो तो ‘बोनस कापीन’ अशा वाक्यांपाशी. बोनस हा शब्द दिसला की अनेकजण रिवॉर्डवर खूण करतात. पण जे मिळणारच होते ते काढून घेण्याचा धाक घातला, तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती शिक्षाच आहे. शंका आली तर प्रसंगातल्या माणसाला काय वाटत असेल ते विचारावे. त्याला आशा असेल तर रिवॉर्ड, भीती असेल तर कोअर्सिव्ह.

आणखी एक खूण वागण्यात सापडते. या दोन्ही प्रकारांत सांगणाऱ्याने पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, पण पाहणे दोन तऱ्हांनी चालते. कारखान्यातल्या हेल्मेटचेच घ्या. सुरक्षा अधिकारी शेडच्या दारात दिसला की हेल्मेट डोक्यावर चढते, आणि तो वळला की परत खुंटीवर जाते. ही कोअर्सिव्ह सत्ता. तिथे पाळत सांगणाऱ्यालाच ठेवावी लागते, कारण ऐकणारा त्याच्या नजरेपासून लांब राहू पाहतो. दुसरा कामगार हेल्मेट घातलेला स्वतःचा फोटो काढून ‘महिन्याचा सुरक्षित कामगार’ या योजनेच्या ग्रुपवर टाकतो. हे रिवॉर्ड, कारण इथे ऐकणारा स्वतःच पुढे होऊन आपण ऐकल्याचे दाखवतो. तिसरा मात्र रात्रपाळीला, शेडमध्ये दुसरे कोणी नसताना, हेल्मेट घालून फिरतो. त्याच्या बाबतीत हे दोन्ही पर्याय बाद करून उरलेल्या तिघांत शोधायचे.

रेफरंट सत्ता ओळखणे अवघड जाते, कारण तिच्यात अनेकदा हुकूमच नसतो. नव्याने लागलेली मुलगी ज्या सीनियरला मानते, ती सीनियर बैठकीला दहा मिनिटे आधी येते, वही घेऊन येते आणि कोणाचे बोलणे मध्ये तोडत नाही. दोन महिन्यांत ती नवी मुलगीही वही घेऊन दहा मिनिटे आधी येऊ लागते. सीनियरने तिला काहीच सांगितलेले नाही. आपली सत्ता चालली, हे तिच्या गावीही नसेल. प्रश्नात ‘आदर’, ‘आवडते’, ‘त्यांच्यासारखे व्हायचे’, ‘त्यांना वाईट वाटू नये म्हणून’ असे काही असले की रोख रेफरंटकडे असतो. इथे ‘आदर’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. त्यांच्या ज्ञानाबद्दल आदर असेल तर एक्सपर्ट, माणसाबद्दल असेल तर रेफरंट.

जाहिरातींत हा भेद उघडा दिसतो. सचिन तेंडुलकरने बॅट कोणती घ्यावी हे सांगितले, तर त्याचे ऐकण्यामागे त्याची क्रिकेटमधली जाणकारी आहे. त्याच सचिनने बूस्टची जाहिरात केली, तेव्हा दुधात घालायच्या पावडरीबद्दल त्याला आपल्या आयांपेक्षा जास्त कळते असे कोणत्याच मुलाला वाटले नव्हते. मुलांना सचिन व्हायचे होते. पहिली सत्ता एक्सपर्ट, दुसरी रेफरंट, आणि माणूस तोच.

एवढ्या तयारीनिशी एका खऱ्या प्रसंगाकडे वळता येते. तो परीक्षेतल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा चिवट आहे. 1966 साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफ्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळांतल्या परिचारिकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. संध्याकाळच्या पाळीत वॉर्डात एकटी परिचारिका आहे. फोन वाजतो. पलीकडचा माणूस आपण अमुक डॉक्टर असल्याचे सांगतो. हे नाव तिने कधी ऐकलेले नाही. तो म्हणतो, कपाटात ‘अ‍ॅस्ट्रोटेन’ नावाचे औषध आहे का पाहा. ते असते. डबीवर छापलेले असते, की नेहमीचा डोस 5 मिलिग्रॅम आणि दिवसाचा जास्तीत जास्त डोस 10 मिलिग्रॅम. डॉक्टर सांगतो, अमुक रुग्णाला 20 मिलिग्रॅम दे, मी दहा मिनिटांत येतोच, तेव्हा सही करीन. फोनवरून आलेल्या आदेशावर औषध देणे इस्पितळाच्या नियमांत बसत नव्हते. औषध वॉर्डाच्या मंजूर यादीत नव्हते. डोस डबीवरच्या मर्यादेच्या दुप्पट होता. तरीही 22 परिचारिकांपैकी 21 जणी औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. तिथे त्यांना थांबवण्यात आले. डबीत होती नुसती साखरेसारखी निरुपद्रवी पावडर.

ही सत्ता कोणती? पर्याय एकेक करून खोडता येतात. डॉक्टर अनोळखी होता, म्हणजे रेफरंटचा प्रश्न नाही. त्याने काही देऊ केले नाही, म्हणून रिवॉर्डही नाही. धमकीही दिलेली नव्हती. पण डॉक्टरला नाही म्हटले तर बोलणी बसतात, ही त्या काळच्या परिचारिकांच्या मनातली पक्की भीती होती, तेव्हा कोअर्सिव्ह पूर्णपणे खोडता येत नाही. उरतात लेजिटिमेट आणि एक्सपर्ट. इथे एक्सपर्टच्या विरोधात पुरावा हातातच आहे: डबीवरचा आकडा. डॉक्टरच्या जाणकारीला छापील माहिती उघड विरोध करत होती आणि तरी पारडे फोनच्या बाजूने झुकले. डॉक्टर सांगतो आणि परिचारिका करते, ही रीतच रास्त मानली गेली होती. म्हणून परीक्षेत लेजिटिमेटवर खूण करावी. पण ‘डॉक्टरांना काहीतरी कारण ठाऊक असेल’ असा विचार कोणाच्याच मनात आला नसेल, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. खऱ्या प्रसंगात दोन सत्ता एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात आणि त्यांची टक्केवारी काढता येत नाही.

या प्रयोगाला दोन जोड आहेत. हाच प्रसंग दुसऱ्या काही परिचारिकांना आणि परिचर्येच्या विद्यार्थिनींना नुसता कागदावर देऊन ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारले होते. 12 परिचारिकांपैकी 10 जणींनी आणि 21च्या 21 विद्यार्थिनींनी औषध देणार नाही असे सांगितले. म्हणजे पदाची सत्ता आपल्यावर किती चालते, याचा अंदाज माणसाला स्वतःबद्दलही नीट करता येत नाही. दुसरी जोड 1977ची. रँक आणि जेकबसन या संशोधकांनी तसाच प्रयोग केला, पण औषध परिचारिकांच्या ओळखीचे, व्हॅलियम, घेतले आणि त्यांना सहकाऱ्यांशी बोलायला मोकळीक ठेवली. या वेळी 18 पैकी फक्त दोघी शेवटपर्यंत गेल्या. डॉक्टरचे पद तेच होते. बदलले ते ऐकणारीचे बळ: तिला औषध माहीत होते आणि विचारायला शेजारी कोणी होते.

1965 साली रेव्हन यांनी यादीत सहावे नाव घातले: इन्फर्मेशनल, म्हणजे माहितीची सत्ता. काही पुस्तके ती घेतात, काही पाचांवरच थांबतात. म्हणून आपल्या अभ्यासक्रमात कोणती यादी आहे, हे विद्यार्थ्याने आधी पाहून घ्यावे. एक्सपर्टपासून तिचा फरक बारीक असला तरी खरा आहे. लेथवरचा ऑपरेटर ‘त्याला कळतं’ म्हणून इन्सर्ट बदलतो, तेव्हा ती एक्सपर्ट. पण इन्चार्जने त्याला दाखवले, की इन्सर्टची धार झिजली की कमी धातू कापला जातो, म्हणून बाहेरचा व्यास वाढत जातो आणि पृष्ठभाग मळका दिसतो, आणि ऑपरेटरला ते पटले, तर पुढच्या वेळी इन्चार्ज नसतानाही तो स्वतःच इन्सर्ट बदलेल. प्रभाव उरतो, पण प्रभाव टाकणाऱ्याची गरज उरत नाही. देखभालवाले फ्रेंच कामगार आपले ज्ञान कागदावर का उतरू देत नव्हते, ते इथे कळते. जे समजावून सांगितले जाते ते सांगणाऱ्याच्या हातातून निसटते.

परीक्षेतल्या प्रश्नांचा एक दोष संशोधनातही बराच काळ होता. 1960च्या दशकापासून झालेल्या अनेक पाहण्यांत कर्मचाऱ्यांना पाच प्रकारांसाठी पाच वाक्ये दिली जात आणि ‘तुम्ही साहेबांचे का ऐकता?’ याच्या उत्तरादाखल त्यांना क्रम लावायला सांगत. 1985 साली पॉडसॅकॉफ आणि श्रीशाइम यांनी या पद्धतीच्या उणिवा दाखवल्या. क्रम लावायचा म्हटला की एक वर गेले की दुसरे खाली जाणारच, मग प्रत्यक्षात दोन्ही सारखीच असोत. शिवाय एका मोठ्या कल्पनेसाठी एकच वाक्य अपुरे पडते, आणि ‘मी भितो म्हणून ऐकतो’ यावर कोण राजीखुशीने पहिली खूण करणार? 1989 साली हिंकिन आणि श्रीशाइम यांनी 20 वाक्यांची नवी प्रश्नावली तयार केली. त्यात प्रत्येक प्रकाराला चार वाक्ये होती, आणि ती ‘माझे वरिष्ठ मला अमुक देऊ शकतात’ किंवा ‘अमुक करू शकतात’ अशा घाटाची होती. क्रम लावायचा नव्हता. प्रत्येक वाक्याशी आपण किती सहमत, एवढे स्वतंत्रपणे सांगायचे होते. त्यामुळे एकाच साहेबाला एक्सपर्टमध्येही भरपूर आणि लेजिटिमेटमध्येही भरपूर गुण मिळू शकले. चार पर्यायांतून एकच निवडायला लावणाऱ्या परीक्षेत ती सोय नसते. म्हणून तिथे दोन उत्तरे सारखीच बरोबर वाटू लागली, की प्रसंग पुन्हा वाचून ऐकणाऱ्याच्या तोंडचे किंवा मनातले कारण कोणत्या शब्दात आले आहे ते शोधावे, आणि तो शब्द सापडलाच नाही तर प्रश्न काढणाऱ्याचे चुकले आहे असे समजून त्यातल्या त्यात जवळच्या पर्यायावर खूण करून पुढे जावे.